गोल चकतीतील विभव समीकरण : कडेच्या तापमानावरून आतले तापमान कसे काढावे

धातूची एक पातळ गोल चकती आहे. तिच्या वरच्या अर्ध्या कडेचे तापमान १०० अंश सेल्सिअस आणि खालच्या अर्ध्या कडेचे ० अंश राखलेले आहे. बराच वेळ गेल्यावर, आतले तापमान बदलायचे थांबल्यावर, केंद्रापासून पाच सेंटिमीटरवरच्या एखाद्या बिंदूपाशी ते किती असेल? विभव समीकरण, म्हणजेच लाप्लासचे समीकरण, शिकताना हा प्रश्न प्रत्येकाच्या वाट्याला येतो. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी तो मी प्रथम सोडवला तेव्हा पुस्तकातली प्रत्येक ओळ मला पटत होती, पण कडेवरचे तापमान बदलून तोच प्रश्न समोर ठेवला की हात थांबत असे. अडचण नेमकी कुठे होती ते फार उशिरा लक्षात आले. प्रश्नात अट एकच लिहिलेली असते, ती म्हणजे कडेवरचे तापमान. उत्तर ठरायला मात्र तीन अटी लागतात. उरलेल्या दोन चकतीच्या आकारातच असतात आणि त्या आपल्या आपण ओळखाव्या लागतात. पुढच्या पायऱ्या मी या दोन न लिहिलेल्या अटी डोळ्यांसमोर ठेवूनच मांडल्या आहेत.

सुरुवातीला जवळ असाव्यात अशा गोष्टी थोड्याच आहेत:

- साध्या विकलक समीकरणांची ओळख, विशेषतः ऑयलरच्या समीकरणाची (ज्यात r² सोबत द्वितीय विकलज आणि r सोबत प्रथम विकलज येतो)
- फूरिये श्रेणीच्या सहगुणकांची सूत्रे
- कॅल्क्युलेटर, आणि शेवटच्या पायरीसाठी जमल्यास पायथन
- चकतीची आकृती काढलेला एक कागद, जो शेवटपर्यंत समोर ठेवायचा आहे

## १. प्रश्न नीट मांडून घ्या

चकतीची त्रिज्या a = 10 सेंटिमीटर धरू. केंद्र हा आरंभबिंदू, उजवीकडची दिशा म्हणजे θ = 0, आणि कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजायचा. कडेवरचे तापमान असे आहे:

f(θ) = 100, 0 < θ < π
f(θ) = 0, π < θ < 2π

चकतीचे वरचे आणि खालचे पृष्ठ उष्णतारोधक आहे, धातू सगळीकडे सारखा आहे, आत कुठेही उष्णता निर्माण होत नाही आणि तापमान आता काळानुसार बदलत नाही, ही चार गृहीतके कागदावर लिहूनच पुढे जावे. ती सगळी लागू असतील तरच उष्णतेचे समीकरण लाप्लासच्या समीकरणापर्यंत उतरते. यातून एक गोष्ट आपोआप निघते आणि नवख्यांना ती खटकते. उत्तरात धातूची उष्णतावाहकता कुठेच येत नाही. चकती तांब्याची असो वा पोलादाची, कडेवरचे तापमान तेच असेल तर स्थिर झाल्यावर आतले तापमानही तेच असते. तांब्याची चकती त्या स्थितीला लवकर पोहोचते आणि तिच्यातून उष्णता जास्त वाहते, एवढाच फरक.

## २. समीकरण ध्रुवीय निर्देशकांत लिहा

x आणि y मध्ये समीकरण दिसायला सोपे असते, पण कड x² + y² = a² अशी येते आणि तिथे दोन्ही चले एकमेकांत अडकलेली राहतात. ध्रुवीय निर्देशकांत तीच कड r = a इतकी साधी होते. समीकरण थोडे लांबते, पण त्या बदल्यात सीमा अट एकाच चलावर येते, आणि चले वेगळी करण्याची पद्धत यावरच उभी आहे. तापमानाला u म्हटले तर समीकरण असे:

u_rr + (1/r) u_r + (1/r²) u_θθ = 0

मधले (1/r) u_r हे पद गाळणे ही इथली सर्वांत नेहमीची चूक. ते पद येण्याचे कारण चित्रात दिसते. केंद्राभोवती एक अरुंद वलय काढा; त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते, म्हणून उष्णता बाहेर जाताना तिला पसरायला जास्त जागा मिळते. हा फरक ते मधले पद नोंदवते.

सूत्र आठवण्यात शंका असेल तर एक मिनिटाची चाचणी घ्यावी. x² + y² या फलासाठी u_xx + u_yy ची किंमत 2 + 2 = 4 येते. तेच फल r² आहे. त्याचा द्वितीय विकलज 2, आणि (1/r) ला 2r ने गुणले की आणखी 2, म्हणजे एकूण 4. मधले पद गाळले असते तर उत्तर 2 आले असते आणि चूक लगेच पकडली गेली असती.

## ३. चले वेगळी करा

u(r, θ) = R(r) Θ(θ) असे मानून समीकरणात ठेवा आणि पूर्ण समीकरणाला r² ने गुणून RΘ ने भागा. मिळते ते असे:

(r² R″ + r R′) / R = −Θ″ / Θ = λ

डावी बाजू फक्त r वर अवलंबून आहे आणि उजवी फक्त θ वर, म्हणून दोन्ही एकाच स्थिरांकाइतक्या असल्या पाहिजेत. आता दोन साधी समीकरणे हातात आहेत:

Θ″ + λΘ = 0
r² R″ + r R′ − λR = 0

इथे घाई करून r चे समीकरण आधी सोडवायला घेऊ नये. λ कोणत्या किमती घेऊ शकतो हे θ चे समीकरण ठरवते, म्हणून क्रम कायम θ आधी, r नंतर असाच ठेवावा.

## ४. न लिहिलेली पहिली अट : फेरी पूर्ण झाली की तापमान तेच

चकतीच्या आत केंद्राभोवती एक वर्तुळ काढा आणि त्यावरून बोट फिरवत न्या. θ शून्यापासून वाढत 2π होतो तेव्हा बोट पुन्हा मूळ जागी असते. जागा तीच, म्हणून तापमानही तेच असायला हवे, आणि ते तिथे ज्या वेगाने बदलते तो वेगही तोच हवा. म्हणजे Θ हे 2π आवर्तनाचे फल असले पाहिजे. प्रश्नात हे कुठेही लिहिलेले नसते.

आता λ च्या तीन शक्यता तपासा. λ ऋण असेल तर Θ मध्ये घातांकी फले येतात आणि ती कधीही फेरी पूर्ण करून मूळ किमतीवर येत नाहीत, म्हणून ती शक्यता संपते. λ = 0 असेल तर Θ = c + dθ. इथे dθ हे पद एका फेरीत 2πd ने वाढते, म्हणून d = 0 आणि केवळ स्थिरांक उरतो. λ धन असेल तर Θ मध्ये cos(√λ θ) आणि sin(√λ θ) येतात, आणि ती 2π नंतर पुन्हा तशीच यायची असतील तर √λ हा पूर्णांक हवा. म्हणून

λ = n², n = 0, 1, 2, 3, …

n = 0 ही शक्यता विसरू नये. ती विसरली की उत्तरातून सरासरी तापमानच निघून जाते, आणि आपल्या उदाहरणात केंद्रावर ५० ऐवजी ० अंश येतात.

आणखी एक इशारा इथेच देतो, कारण परीक्षेत तो फार उपयोगी पडतो. n पूर्णांक असणे हे पूर्ण वर्तुळामुळे आहे. प्रश्न अर्ध्या चकतीचा किंवा पाचरीच्या आकाराच्या तुकड्याचा असेल तर बोट फेरी पूर्ण करतच नाही आणि ही अट लागू होत नाही. तिथे दोन सरळ कडांवर दिलेल्या अटी λ ठरवतात. पूर्ण चकतीचे उत्तर तिथे जसेच्या तसे चिकटवणे चूक आहे.

## ५. न लिहिलेली दुसरी अट : केंद्रावर तापमान मर्यादित

आता r चे समीकरण λ = n² घालून असे होते:

r² R″ + r R′ − n² R = 0

हे ऑयलरचे समीकरण आहे. सहगुणक स्थिर नसल्यामुळे इथे e^(nr) लिहून चालत नाही, आणि मी स्वतः हीच चूक दोनदा केलेली आहे. R = r^m ठेवून पाहा: m(m − 1) + m − n² = 0, म्हणजे m² = n², म्हणून m = ±n. n ≥ 1 साठी r^n आणि r^(−n) अशी दोन उत्तरे मिळतात. n = 0 साठी दोन्ही मुळे एकच होतात, आणि तेव्हा 1 च्या जोडीला दुसरे उत्तर ln r येते.

आता चकतीच्या केंद्राकडे पाहा. r शून्याकडे जाताना r^(−n) अमर्याद वाढते आणि ln r ऋण अनंताकडे जाते. केंद्र हा चकतीचाच एक साधा बिंदू आहे. तिथे कुणी दिवा लावलेला नाही की बर्फ ठेवलेला नाही. ln r या पदाचा भौतिक अर्थच असा आहे की केंद्रात एका बिंदूतून उष्णता सतत ओतली किंवा शोषली जात आहे. पहिल्या पायरीत आपण आत कुठेही उष्णता निर्माण होत नाही असे लिहून ठेवले होते, ते इथे कामी येते. म्हणून ही दोन्ही पदे सोडायची आणि R = r^n एवढेच ठेवायचे.

मात्र ती का सोडली हे उत्तरपत्रिकेत एका वाक्यात लिहावे, कारण मधोमध भोक असलेल्या चकतीत, म्हणजे वलयात, केंद्र क्षेत्राचा भागच नसते. तिथे ln r आणि r^(−n) दोन्ही ठेवावीच लागतात आणि आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कडांच्या अटींवरून सहगुणक काढावे लागतात. «ऋण घात नेहमी सोडायचे» असे पाठ केलेला विद्यार्थी वलयाच्या प्रश्नात हमखास अडकतो.

## ६. बेरीज लिहा आणि कडेची अट लावा

समीकरण रेषीय असल्यामुळे मिळालेल्या सर्व उत्तरांची बेरीजही उत्तर असते:

u(r, θ) = A₀ + Σ (r/a)^n (Aₙ cos nθ + Bₙ sin nθ), n = 1, 2, 3, …

इथे r^n ऐवजी (r/a)^n लिहिण्याची सवय लावून घ्यावी. r = a ठेवले की तो गुणक सरळ 1 होतो, सहगुणकांमध्ये a चे घात येत नाहीत आणि प्रत्येक सहगुणकाचे एकक अंश सेल्सिअसच राहते. r = a ठेवल्यावर डाव्या बाजूला f(θ) येते आणि उजवी बाजू ही f ची फूरिये श्रेणी असते. फूरियेने उष्णतेच्या अभ्यासातूनच या श्रेणी मांडल्या आणि १८२२ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या, हे इथे सांगायलाच हवे. गणिताच्या तासाला वेगळ्या धड्यात शिकलेल्या श्रेणीचे मूळ घर हेच आहे.

A₀ = (1/2π) ∫ f(θ) dθ
Aₙ = (1/π) ∫ f(θ) cos nθ dθ
Bₙ = (1/π) ∫ f(θ) sin nθ dθ

तिन्ही संकलने 0 ते 2π आहेत. काही पुस्तकांत पहिले पद a₀/2 असे असते आणि त्याच्या सूत्रात 1/π असतो, तर काहींत वरच्यासारखे. दोन पुस्तकांतली सूत्रे मिसळली की पहिले पद दुप्पट किंवा निमपट होते. यावर माझा उपाय असा, की सूत्र आठवायचेच नाही. A₀ म्हणजे कडेवरच्या तापमानाची सरासरी, एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

संकलन करण्याआधी f कडे एकदा नीट पाहावे, कारण कित्येकदा त्याची गरजच नसते. समजा कडेवर f(θ) = 40 + 20 cos²θ दिले आहे. cos²θ = (1 + cos 2θ)/2 वापरले की f = 50 + 10 cos 2θ. ही फूरिये श्रेणीच आहे, दोन पदांची. उत्तर लगेच लिहिता येते: u = 50 + 10 (r/a)² cos 2θ, आणि a = 10 घातल्यावर x, y मध्ये ते u = 50 + (x² − y²)/10 इतके सुटसुटीत होते. इथली चूक म्हणजे विस्तार न करता cos²θ ला सरळ (r/a)² ने गुणणे. तसे केले तर कडेवर उत्तर बरोबर येते, पण आत ते लाप्लासच्या समीकरणात बसत नाही. प्रत्येक cos nθ ला त्याच्याच n चा घात लागतो, म्हणून आधी n वेगळे करावेच लागतात.

## ७. आपले उदाहरण शेवटपर्यंत

वरची अर्धी कड १००, खालची ०, म्हणून सरासरी A₀ = 50. f मधून 50 वजा केले तर उरलेले फल वर +50 आणि खाली −50 असते, म्हणजे ते विषम फल आहे. त्यामुळे सगळे Aₙ शून्य. उरले Bₙ:

Bₙ = (100/π) ∫₀^π sin nθ dθ = (100/nπ)(1 − cos nπ)

n सम असेल तर कंस शून्य होतो, विषम असेल तर 2. म्हणून फक्त विषम n साठी Bₙ = 200/(nπ) आणि

u(r, θ) = 50 + (200/π) [ (r/a) sin θ + (r/a)³ sin 3θ / 3 + (r/a)⁵ sin 5θ / 5 + … ]

आता सुरुवातीचा बिंदू घेऊ: केंद्रापासून सरळ वर पाच सेंटिमीटर, म्हणजे r/a = 0.5 आणि θ = 90°. इथे sin θ, sin 3θ, sin 5θ यांच्या किमती +1, −1, +1 अशा येतात. कॅल्क्युलेटरवर पदे एकेक करून मिळवत गेलो की एका पदाने ८१.८३, दोन पदांनी ७९.१८, तीन पदांनी ७९.५८ आणि चार पदांनी ७९.५१ अंश मिळतात. बेरीज कधी खऱ्या किमतीच्या वर, कधी खाली जात हळूहळू स्थिरावते आहे, हे नुसत्या आकड्यांवरूनही दिसते.

या श्रेणीची बेरीज बंद स्वरूपातही येते. z = (r/a) e^(iθ) घेतले तर कंसातली बेरीज म्हणजे z + z³/3 + z⁵/5 + … या श्रेणीचा काल्पनिक भाग, आणि ती श्रेणी ½ ln[(1 + z)/(1 − z)] इतकी असते. त्यावरून

u = 50 + (100/π) arctan[ 2ar sin θ / (a² − r²) ]

आपल्या बिंदूवर कंसातली किंमत 4/3 येते आणि u = ७९.५२ अंश. कॅल्क्युलेटर डिग्रीवर असेल तर arctan डिग्रीत मिळेल आणि उत्तर भलतेच मोठे येईल. इथे तो रेडियनवरच हवा.

## ८. उत्तर तपासा

केंद्रावर r = 0 ठेवा. u = 50 आले पाहिजे, कारण केंद्राचे तापमान कडेच्या सरासरीइतकेच असते. आडव्या व्यासावर, म्हणजे θ = 0 आणि θ = π वर, सगळीकडे ५० यायला हवे. आणि वरच्या बिंदूचे तापमान व त्याच्या बरोबर खालच्या बिंदूचे तापमान यांची बेरीज १०० असायला हवी. आपल्या बिंदूच्या खालच्या जोडीदाराला २०.४८ अंश मिळतात.

सर्वांत उपयोगी तपासणी मात्र कमाल तत्त्वाची आहे. आत कुठेही तापमान कडेवरच्या सर्वाधिक किमतीच्या वर किंवा सर्वांत कमी किमतीच्या खाली जाऊ शकत नाही. आता r = ९.५ सेंटिमीटर, θ = 90° घ्या. श्रेणीचे एकच पद घेतले तर ११०.४८ अंश येतात. हे अशक्य आहे, कारण कडेवरच १०० च्या वर काही नाही. दोन पदांनी ९२.२८ येतात, आणि बंद सूत्राने खरी किंमत ९८.३७. सूत्रात चूक नव्हती. पदे अपुरी होती. मध्याजवळ (0.5)^n हा गुणक n = १० लाच एक हजारांशाच्या खाली जातो, तर (0.95)^n ला तिथवर जायला n सुमारे १३५ लागतो. म्हणून कडेजवळचे तापमान हवे असेल तर चार पदांवर थांबू नये. अधिक पदे घ्यावीत किंवा बंद सूत्र वापरावे.

नेमक्या कडेवर, जिथे तापमान ० वरून १०० वर उडी घेते तिथे, कितीही पदे घेतली तरी उडीच्या शेजारी बेरीज सुमारे १०९ पर्यंत वर जाते आणि दुसऱ्या बाजूला सुमारे −९ पर्यंत खाली जाते. हा गिब्ज परिणाम. पदे वाढवली की तो टोकदार भाग उडीच्या जवळ सरकतो, पण त्याची उंची कमी होत नाही. आलेखात हे दिसले म्हणून सहगुणक पुन्हा काढत बसू नये.

## ९. सूत्र नसून मोजलेले आकडे असतील तर

कडेवरचे तापमान एखाद्या सूत्राने दिलेले नसेल, तर सहगुणक काढत बसण्यापेक्षा प्वासाँचे संकलन सोयीचे पडते. सहगुणकांची सूत्रे श्रेणीत ठेवून बेरीज आधी केली की ते मिळते:

u(r, θ) = (1/2π) ∫ K f(φ) dφ, K = (a² − r²) / (a² − 2ar cos(θ − φ) + r²)

संकलन पुन्हा 0 ते 2π. याचा अर्थ सरळ आहे. आतल्या बिंदूचे तापमान म्हणजे कडेवरच्या तापमानांची भारित सरासरी, आणि K हा तो भार. कडेचा जो भाग बिंदूच्या जवळ, त्याचा भार जास्त. आपले उदाहरण संगणकावर असे:

```python
import numpy as np
a, r, t = 10.0, 5.0, np.pi/2
N = 360
p = (np.arange(N) + 0.5) * 2*np.pi/N
f = np.where(p < np.pi, 100.0, 0.0)
K = (a*a - r*r) / (a*a - 2*a*r*np.cos(t - p) + r*r)
print((K*f).mean(), K.mean())
```

पहिला आकडा ७९.५२ येतो, म्हणजे सातव्या पायरीतले उत्तरच. दुसरा आकडा 1 असायला हवा, कारण सगळ्या भारांची सरासरी 1 असते. हा दुसरा आकडा छापायला विसरू नये. r च्या जागी 9.99 घालून हाच कोड चालवला तर पहिला आकडा सुमारे १७.८ येतो, जेव्हा खरी किंमत ९९.९७ अंश आहे. संगणक कोणताही इशारा देत नाही. पण K.mean() पाहिले तर ते 1 ऐवजी सुमारे 0.18 दिसते आणि काय झाले ते कळते. बिंदू कडेपासून केवळ ०.०१ सेंटिमीटरवर आहे, K हा भार तिथे सुईसारखा अरुंद झाला आहे, आणि कडेवर आपण घेतलेले बिंदू एकमेकांपासून सुमारे ०.१७ सेंटिमीटरवर आहेत. सुई त्या दोन बिंदूंच्या मधे निसटली. कडेवरच्या बिंदूंमधले अंतर हे आतल्या बिंदूच्या कडेपासूनच्या अंतरापेक्षा बरेच कमी ठेवणे, हा यावरचा उपाय. प्रत्यक्ष मोजणीत कडेवर बाराच ठिकाणी तापमान घेतले असेल तर त्यांच्यातील अंतर पाच सेंटिमीटरहून जास्त असते, आणि तेवढ्या आकड्यांवरून कडेलगतचे तापमान सांगण्याचा आग्रह धरू नये. मध्याजवळचे तापमान मात्र त्यावरूनही चांगले मिळते, जर कडेवर तापमान सावकाश बदलत असेल तर.

## १०. हे उत्तर कुठे लागू होत नाही

आडव्या व्यासावर तापमान वरच्या दिशेने किती वेगाने वाढते ते बंद सूत्रावरून काढता येते:

u_y = (200/πa) · 1/(1 − r²/a²)

केंद्रावर हा वेग दर सेंटिमीटरला ६.३७ अंश आहे. केंद्रापासून ९ सेंटिमीटरवर तो ३३.५ होतो, ९.९ सेंटिमीटरवर सुमारे ३२०, आणि कडेवरच्या त्या दोन सांध्यांवर, जिथे गरम अर्ध थंड अर्धाला भिडते, तो अनंत होतो. संपूर्ण व्यासावरून वाहणाऱ्या उष्णतेची बेरीज केली तर तीही अनंत येते. कोणत्याही खऱ्या चकतीत असे होणार नाही. १०० अंशांची कड आणि ० अंशांची कड एकमेकांना प्रत्यक्ष चिकटवता येत नाहीत. मधे रोधक पट्टी तरी ठेवावी लागते किंवा तापमान काही अंतरात हळूहळू उतरते. म्हणून या उत्तरावरून आतल्या बिंदूचे तापमान विश्वासाने सांगावे, पण चकतीतून एकूण किती उष्णता वाहते हे त्यावरून काढू नये. ते हवे असेल तर f मध्ये उडीच्या जागी त्या पट्टीच्या रुंदीइतका उतार घालून सहाव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी. उतार घातला की f सलग होते, n वाढताना सहगुणक 1/n ऐवजी 1/n² च्या वेगाने लहान होतात आणि उष्णतेची बेरीजही मर्यादित येते.